निकालाच्या आठवड्यातली आमची निफ्टी नोट

आमचा गट छोटा आहे. नात्यातले आणि ओळखीतले मिळून नऊ जण. दर शनिवारी मी निफ्टीचा, म्हणजे एनएसई या शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या शेअरच्या निर्देशांकाचा, आठवड्याचा आढावा एका पानात लिहून सगळ्यांना पाठवते. त्यात चार गोष्टी असतात: आठवड्याचे आकडे, महत्त्वाच्या पातळ्या, सध्याचं मत, आणि कशामुळे ते मत बदलेल. शेअर घ्या किंवा विका असं त्यात काही नसतं. पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी लागते, आणि ती दुकानदारी मला करायचीही नाही. निर्देशांक कुठे आहे आणि आपण कुठे चुकीचे ठरू, एवढंच लिहायचं.

मत तीनच प्रकारचं असतं: वर, मधे किंवा खाली. त्यावरून काय करायचं तेही आधीच ठरलेलं आहे. मत ‘वर’ असेल तर ज्यांचे पैसे लिक्विड फंडात थांबलेत ते इंडेक्स फंडात जातात. ‘मधे’ असेल तर फक्त चालू एसआयपी, जास्तीचं काही नाही. ‘खाली’ असेल तर एसआयपी चालूच राहते, पण थोड्या मुदतीसाठी निफ्टीचं ईटीएफ, म्हणजे बाजारात शेअरसारखा विकता येणारा इंडेक्स फंड, धरलेले दोघे जण ते विकतात. त्यातला एक माझा मामेभाऊ. तो या गोष्टीत पुढे येणारच आहे.

ही पद्धत नेमकी कशी चालते ते सांगायला मला २०२४ सालच्या लोकसभा निकालाचा आठवडा सगळ्यात बरा वाटतो. शांत आठवड्यात कुठलीही नोट शहाणी दिसते. त्या पाच दिवसांत मात्र नोटेतली जवळजवळ प्रत्येक ओळ कामाला लागली.

आधी १ जूनच्या शनिवारी चित्र काय होतं ते बघू. पातळ्या काढताना मी आठवड्याचा चार्ट उघडते आणि एकच प्रश्न विचारते: भाव कुठून एकापेक्षा जास्त वेळा परत फिरलाय? बाकी सगळं पुसून टाकते. निफ्टी २० मार्चला २१,७१०पर्यंत उतरून वळला होता. १९ एप्रिलला २१,७७७वरून वळला, आणि १३ मेला २१,८२१वरून. प्रत्येक वेळचा तळ आधीच्यापेक्षा थोडा वर, पण तिन्ही शंभर-सव्वाशे अंकांच्या आत. म्हणजे २१,७०० ते २१,८२० हा पट्टा. तिथे खरेदी करणारे लोक आहेत हे तीनदा दिसलं होतं. वरच्या बाजूला १० एप्रिलचा उच्चांक २२,७७५ आणि ३ मेचा २२,७९४. दोन महिने निर्देशांक या दोन भिंतींच्या मधे फिरत होता.

मी पातळी म्हणून एक आकडा लिहीत नाही, पट्टा लिहिते. पण अट लिहिताना मात्र एकच आकडा, आणि तो पट्ट्याच्या बाहेरच्या कडेचा. आधार २१,७०० ते २१,८२० असेल तर तो तुटला असं २१,७००च्या खालीच म्हणायचं. नाहीतर पट्ट्याच्या मधेच भाव अडकला की अर्धे लोक म्हणणार तुटला, अर्धे म्हणणार नाही, आणि नोटेचा उपयोग शून्य.

मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांनी एक गंमत केली होती. २४ मेला आठवडा २२,९५७वर बंद झाला, म्हणजे वरच्या भिंतीच्या बाहेर. आमच्या अटीप्रमाणे मत ‘मधे’वरून ‘वर’ झालं. २५ मेच्या नोटेत मी लिहिलं: मत वर, आठवड्याचा बंद पुन्हा २२,७९५च्या खाली आला तर मत परत मधे. सोमवारी, २७ मेला, निफ्टीने २३,११०चा नवा विक्रमी उच्चांक केला. आणि तिथून घसरत शुक्रवारी ३१ मेला २२,५३०.७०वर बंद झाला. भिंतीच्या आत परत. त्यामुळे १ जूनच्या नोटेत मत पुन्हा ‘मधे’.

याला फसलेला ब्रेकआउट म्हणतात, आणि या पद्धतीत तो होतोच. रेंजच्या कडेला अट ठेवली की काही वेळा ती खोटी लागणार. त्याला माझ्याकडे उपाय नाही. काही लोक दोन आठवडे सलग बंद हवा अशी अट घालतात. त्याने खोटे इशारे कमी होतात, पण खरी तेजी बरीच वर गेल्यावर हातात येते. आमच्या गटाने एकाच आठवड्याच्या बंदावर राहायचं ठरवलंय. फसला तर पुढच्या शनिवारी निमूटपणे मागे यायचं.

मागे येताना एक बदल करावा लागतो, तो मला महत्त्वाचा वाटतो. वरची पातळी आता २२,७९५ राहिली नव्हती. त्या पातळीच्या वर जाऊन बाजार परत आला होता, म्हणजे वरती २३,११०जवळ विकणारे बसलेत हे कळलं होतं. २७ मेला वर घेतलेले लोकही अडकलेले होते; भाव परत तिथे आला की ‘सुटलो बाबा’ म्हणून विकायला तेही येणार. म्हणून १ जूनच्या नोटेत वरची अट सरकवून २३,११० केली.

नोटेचा शेवटचा भाग असा होता:

मत: मधे.
मत वर होईल: आठवड्याचा बंद २३,११०च्या वर.
मत खाली होईल: कुठल्याही दिवसाचा बंद २१,७००च्या खाली.
या दोन्हींच्या मधे काहीही झालं तरी मत बदलत नाही.

वरच्या बाजूला आठवड्याचा बंद आणि खालच्या बाजूला दिवसाचा बंद, हा फरक मुद्दाम आहे. वर जाताना उशीर झाला तर थोडी महाग खरेदी होते, बाकी काही बिघडत नाही. खाली मात्र उशिराची किंमत ईटीएफ धरलेल्यांच्या खिशातून जाते; त्यांना शुक्रवारपर्यंत थांबवणं बरोबर नाही. गटातले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, या असमान अटीवर कायम नाराज असतात. त्यांचं म्हणणं, मोजपट्टी दोन्हीकडे एकच हवी. माझं म्हणणं, दोन्हीकडची जोखीम एक नाही तर मोजपट्टी एक कशाला?

त्या नोटेत आणखी एक ओळ होती, इंडिया व्हीआयएक्सची. हा आकडा निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढतात आणि पुढच्या महिनाभरात बाजार किती हलेल अशी लोकांची अपेक्षा आहे ते वार्षिक टक्केवारीत सांगतो. दिशा सांगत नाही, फक्त हालचालीचा आकार. मी त्याला ५२च्या वर्गमुळाने, म्हणजे ७.२१ने भागते, आठवड्याच्या हालचालीचा अंदाज मिळतो. ३१ मेला व्हीआयएक्स २४.६०वर बंद झाला होता. भागाकार ३.४१ टक्के. २२,५३०च्या ३.४१ टक्के म्हणजे सुमारे ७७० अंक. म्हणजे पुढच्या शुक्रवारचा बंद २१,७६० ते २३,३००च्या मधे असेल, साधारण तीनातल्या दोन वेळा.

हा हिशोब मी का करते? पातळ्या आवाक्यात आहेत का ते बघायला. एप्रिलच्या शेवटी व्हीआयएक्स दहा-अकराच्या घरात होता, तेव्हा हाच भागाकार आठवड्याला साडेतीनशेच्या आसपास अंक देत होता. अशा आठवड्यात आठशे अंक लांबची पातळी नोटेत ठेवली तरी ती शोभेची. १ जूनला मात्र वरची अट सुमारे ५८० अंकांवर आणि खालची ८३० अंकांवर होती. एक आवाक्यात, दुसरी कडेवर. मी तसंच लिहिलं: या आठवड्यात दोन्हीपैकी एक अट लागू शकते, तयार राहा.

शनिवारीच संध्याकाळी शेवटच्या टप्प्याचं मतदान संपलं आणि मतदानोत्तर चाचण्या आल्या. सगळ्यांचा सूर एकच, सत्ताधारी आघाडीला प्रचंड बहुमत. रात्री मैत्रिणीचा फोन. “अगं, नोट बदल ना. सोमवारी बाजार कुठल्या कुठे उघडेल, आणि तू ‘मधे’ लिहून बसलीयेस.” ती चुकीचं बोलत नव्हती, बाजार वरच उघडणार हे कुणालाही कळत होतं. पण नोटेत बातमीला जागा नाही. बातमी भावात उतरली आणि तो भाव आठवडा संपताना टिकला, तर मत आपोआप बदलेल. तिला म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब. ती काही खूश झाली नाही.

सोमवारी, ३ जूनला, निफ्टी ८०० अंकांची उडी मारून २३,३३७वर उघडला आणि २३,२६३.९०वर बंद झाला. एका दिवसात ७३३ अंक, सव्वातीन टक्के. २३,११०ची वरची अट दिवसाच्या बंदावर पार झाली होती. व्हीआयएक्स २४.६०वरून २१च्या खाली आला. गटातल्या दोघांनी विचारलं, आता तरी पैसे टाकायचे ना? अट आठवड्याच्या बंदाची आहे, एवढंच उत्तर दिलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते उत्तर देणं सोपं नव्हतं. वर जाणारा बाजार आणि बाहेर बसलेले पैसे, यासारखं टोचणारं दुसरं काही नाही.

एक गोष्ट त्या दिवशी चार्टवर मी वेगळ्या रंगाने खुणावली होती. ३१ मेचा दिवसाचा उच्चांक २२,६५३ आणि ३ जूनचा नीचांक २३,०६२; मधे चारशे अंकांची गॅप. त्या उडीत त्या चारशे अंकांत एकही सौदा झाला नव्हता. म्हणजे भाव खाली आला तर मधे थांबवायला कुणी उभं नाही, कारण या वेळी वर जाताना तिथे कुणी काही घेतलेलंच नाही. चाचण्यांवर उघडलेली गॅप निकालाने एका दिवसात तपासली जाणार होती.

मंगळवारी ४ जूनला ती तपासली गेली. मतमोजणीत सत्ताधारी पक्ष बहुमताच्या २७२च्या बराच खाली दिसू लागला. शेवटी तो २४०वर थांबला आणि आघाडी २९३वर. निफ्टी गॅपमधून दगडासारखा खाली गेला. २२,५०० गेलं, २२,००० गेलं, मग आमचा पट्टाही गेला. दुपारी २१,२८१ हा दिवसाचा नीचांक झाला. व्हीआयएक्स तिशीच्या पार.

मामेभावाचा फोन तेव्हाच आला. “ताई, २१,७०० कधीच तुटलं. विकू का?”

“किती वाजलेत?”

“साडेबारा होत आले.”

“बंद भाव साडेतीनला कळतो रे.”

“तोपर्यंत वीस हजार झालं तर?”

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. बंद भावाची अट ठेवणं म्हणजे दिवसभराची घसरण सोसायची तयारी ठेवणं. त्या दिवशी बंद २०,८००वर आला असता तर अट लागली असती आणि त्याने दुसऱ्या दिवशी त्याहूनही खाली विकलं असतं. ही या पद्धतीची किंमत आहे. ती नको असेल तर ईटीएफ कमी धरायचं. मी त्याला हेच सांगितलं: “आत्ता झोप उडतेय एवढे युनिट असतील, तर तेवढे वीक, पण पातळी तुटली म्हणून नको, जास्त घेतलंयस म्हणून वीक.” त्याने थोडे विकले, बाकी ठेवले.

इथे बंद भाव म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण गटात यावरून दर वेळी घोळ होतो. स्क्रीनवर साडेतीनला थांबलेला आकडा म्हणजे बंद भाव नाही. एनएसईवर २०२४ साली प्रत्येक शेअरचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या, म्हणजे तीन ते साडेतीनच्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी होती. निफ्टीचा बंद त्या पन्नास शेअरच्या बंद भावांवरून निघतो, म्हणून तो काही मिनिटांनी बदललेला दिसतो. शांत दिवशी फरक चार-पाच अंकांचा असतो. धावपळीच्या दिवशी बराच जास्त होऊ शकतो. आमच्या नोटेत अधिकृत बंदच धरायचा असं पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. ही अर्ध्या तासाची सरासरी मला आवडते. शेवटच्या मिनिटाला कुणी मोठी ऑर्डर टाकून भाव हलवला तरी अट त्यावर फारशी हलत नाही.

४ जूनचा अधिकृत बंद आला २१,८८४.५०. एका दिवसात १,३७९ अंक, जवळजवळ सहा टक्के घसरण. पण २१,७००च्या वर, इतकंच नाही तर २१,८२०च्याही वर. तीनदा धरलेला पट्टा दिवसा पूर्ण मोडला होता आणि बंद होताना तिथले खरेदीदार परत आले होते. खालची अट लागली नाही.

त्या रात्री मी गटाला दोन ओळी पाठवल्या: अट लागली नाही, मत मधे. मधल्या आठवड्यात काही पाठवायची पद्धत नाही, पण त्या दिवशी गप्प बसणं जमण्यासारखं नव्हतं. काकांनी उलट लिहिलं, “मोजपट्टी दोन्हीकडे आठवड्याची असती तर एवढे फोन आले नसते.” यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

बुधवारी ५ जूनला परत तसंच. सकाळी निफ्टी २१,७९१पर्यंत गेला, पट्ट्यात शिरला, आणि २२,६२०वर बंद झाला. गुरुवारी २२,८२१. शुक्रवारी ७ जूनला रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरच ठेवला आणि वाढीचा अंदाज सातवरून ७.२ टक्के केला. त्या दिवशी निफ्टी ४६८ अंक चढून २३,२९०.१५वर बंद झाला.

आठवड्याचा बंद २३,११०च्या वर. अट लागली. मत: वर.

८ जूनच्या सकाळी चार्टवर आठवड्याची कँडल, म्हणजे उघडता, वरचा, खालचा आणि बंद भाव दाखवणारी खूण, बघितली तेव्हा मला हसू आलं. उघडला २३,३३७वर, बंद २३,२९०वर. मधे दोन हजार अंकांची खोल शेपटी. फक्त आठवड्याचे बंद बघणाऱ्या माणसाला वाटलं असतं, ७५९ अंक वाढला, चांगला आठवडा. आणि ३१ मेच्या व्हीआयएक्सवरून काढलेली वरची कड होती २३,३००. बंद तिच्या दहा अंक आत. पण तोच हिशोब मधला प्रवास सांगू शकला नाही. खालची कड २१,७६० असताना भाव २१,२८१ला जाऊन आला. वर्गमुळाचा हा भागाकार आठवडाअखेरच्या बंदाविषयी बोलतो, मधल्या प्रवासाविषयी नाही. शिवाय तो हालचाल सगळ्या दिवसांत सारखी वाटली जाईल असं धरतो. निकालाच्या आठवड्यात सगळी अनिश्चितता एका मंगळवारात गोळा झालेली असते. म्हणून निकाल, बजेट असल्या आठवड्यात मी हा आकडा लिहिते खरी, पण खाली टीप टाकते की दिवसाची हालचाल यापेक्षा मोठी होऊ शकते.

आता पैशांचा हिशोब. मत वर झालं हे शुक्रवारी संध्याकाळी कळतं. इंडेक्स फंडात त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, मिळायची तर दुपारी तीनच्या आत पैसे फंडाकडे पोचायला हवेत. म्हणजे खरेदी लवकरात लवकर सोमवारी. १० जूनला निफ्टी २३,२५९वर बंद झाला. आमच्या लोकांचे पैसे त्या भावाने गेले. मैत्रिणीने लगेच हिशोब मांडला: ४ जूनला पैसे टाकले असते तर २१,८८४चा भाव मिळाला असता, जवळजवळ सहा टक्के स्वस्त. बरोबर आहे. आणि ३ जूनला टाकले असते तर? २३,२६३. म्हणजे १० जूनला जो भाव मिळाला तोच, फक्त मधे मंगळवार बघावा लागला असता. पातळीवर चालणाऱ्याला तळ मिळत नाही. तो भाव ज्यांना मिळाला ते एकतर नशीबवान होते किंवा त्यांच्याकडे वेगळी पद्धत होती. दर घसरणीत ठरावीक रक्कम टाकायची अशी सोपी पद्धतसुद्धा त्या मंगळवारी आमच्यापेक्षा सरस ठरली. पण त्याच पद्धतीवाल्याला लांबलेल्या मंदीत महिनोन्महिने पैसे टाकत राहावं लागतं. काकांना ते पटतं, मला नाही. आमचा हा वाद जुना आहे.

८ जूनची नवी नोट लिहिताना खरी कसोटी खालच्या पातळीची होती. मत वर, मग ते मधे कधी होईल? पहिली ओळ सोपी: आठवड्याचा बंद २२,७९५च्या खाली. जुन्या रेंजची छप्परपातळी, ती पुन्हा खाली गेली तर वरचा प्रवास फसला असं मानायचं. पण खाली मत कधी? २१,७००च राहू द्यायची की २१,२८१ लिहायची?

यावर शनिवारी बराच वेळ बोलणं झालं. मामेभावाचं म्हणणं, शेवटचा नीचांक २१,२८१, तोच आधार. माझं मत वेगळं होतं. त्या मंगळवारी दुपारी खाली झालेले बरेच सौदे घाबरून किंवा मार्जिनच्या, म्हणजे उधारीच्या सौद्यांवर भरायच्या पैशांच्या, दबावाखाली झालेले असणार. पडद्यावर भाव धावत असताना कुणी विचार करून घेतलेल्या जागा त्या नव्हेत. पट्टा म्हणजे जिथे लोक परत परत येऊन घेतात ती जागा, आणि बंद भावांनी पुन्हा २१,७०० ते २१,८२०च खरा असल्याचं दाखवलं होतं. पण २१,२८१ला विकणारे संपले हेही खोटं नाही. शेवटी नोटेत दोन्ही लिहिलं: खाली मत होईल दिवसाचा बंद २१,७००च्या खाली आल्यावर, आणि २१,२८१ फक्त माहितीसाठी, अट म्हणून नाही. नोटेतल्या प्रत्येक आकड्याच्या पुढे ‘अट’ किंवा ‘माहिती’ असं लिहायची सवय मला तेव्हापासून लागली. लोक सगळे आकडे सारखेच वाचतात, मग फोन येतात.

पुढचे दोन आठवडे बाजार २३,५००च्या आसपास सरकत राहिला. १५ आणि २२ जूनच्या नोटांत बदल नव्हता. २४ जूनच्या सोमवारी निफ्टी २३,३५०च्या आसपास उतरून वळला आणि २८ जूनला आठवडा २४,०१०वर बंद झाला. आता २२,७९५ची अट बंद भावापासून १,२०० अंकांवर, म्हणजे पाच टक्के लांब गेली होती. व्हीआयएक्स पुन्हा १४च्या घरात. आठवड्याची हालचाल सुमारे साडेचारशे अंक. इतकी लांबची अट महिनाभर लागणारच नाही, आणि लागेल तेव्हा कमावलेलं सगळं परत दिलेलं असेल.

अट कधी वर सरकवायची याला मी एकच नियम ठेवलाय: बाजार एखाद्या ठिकाणी खाली जाऊन वळला आणि त्यानंतर आठवड्याचा बंद नव्या उच्चांकावर झाला, तरच त्या वळणाच्या जागी अट न्यायची. बाजार नुसता वर गेला म्हणून नाही. २८ जूनला दोन्ही गोष्टी झाल्या होत्या. २९ जूनच्या नोटेत ओळ बदलली: मत वर, मत मधे होईल आठवड्याचा बंद २३,३५०च्या खाली आल्यावर. खालच्या मताची अट २१,७००वरून उचलून २२,७९५च्या खाली दिवसाचा बंद अशी केली.

काकांनी वाचून विचारलं, “आता दोन्ही अटी आठवड्याच्या करायच्या का?” मी म्हटलं, बजेट होऊ द्या, मग बोलू.